कोड आणि ऊन

मार्च सरता सरता त्वचारोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात एक तक्रार हमखास ऐकू येते: "डॉक्टर, ऊन वाढलं आणि डाग पसरायला लागले." ही तक्रार करणाऱ्या एका बाईंचं उदाहरण डोळ्यांसमोर ठेवू. त्या कुणी एक नाहीत, अशा अनेकींच्या अनुभवांतून त्या जुळवल्या आहेत. वय पस्तीसच्या आसपास, सोलापुरात शिक्षिका, घर ते शाळा स्कूटरवर. डाव्या डोळ्याच्या कडेला गालावर रुपयाएवढा पांढरा डाग, दोन्ही हातांच्या बोटांची टोकं पांढरी, आणि कमरेवर परकराच्या नाडीच्या रेषेत एक लांबट पट्टा. दीड वर्षापूर्वी कोडाचं निदान झालं आहे आणि उपचार सुरू आहेत.

डॉक्टरांनी जानेवारीत काढलेला फोटो समोर ठेवला आणि डागाची लांबी-रुंदी पुन्हा मोजली. डाग तेवढाच होता. बदलली होती ती भोवतालची कातडी, कारण स्कूटरवरच्या उन्हाने ती दोन छटा गडद झाली होती. डागात रंग तयार करणाऱ्या पेशीच उरलेल्या नसल्यामुळे तो रापू शकत नाही. त्यामुळे मधला पांढरा भाग अधिक उठून दिसतो आणि पाहणाऱ्याला तो वाढल्यासारखा वाटतो. डाग खरोखर वाढत असेल तर खुणा वेगळ्या असतात. त्याची कडा पुसट होते, किंवा पांढरा आणि नेहमीचा रंग यांच्यामध्ये फिकट तपकिरी पट्टी दिसू लागते. कधी डागाच्या आसपास तांदळाच्या कणीसारखे बारीक पांढरे ठिपके उठतात. यातलं काही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवावं. म्हणूनच महिन्यातून एकदा, त्याच खिडकीपाशी, त्याच वेळी फोनवर फोटो काढून ठेवणं आठवणीवर विसंबण्यापेक्षा कितीतरी चांगलं.

आता उन्हाचं. कोडात शरीराची स्वतःची रोगप्रतिकारक यंत्रणा रंगपेशींवर हल्ला करते. तो कुणाच्या स्पर्शाने होत नाही, आणि दूध-मासे एकत्र खाल्ल्यानेही होत नाही. रंगपेशी गेल्या की त्वचेची छत्री जाते. तेवढ्याच उन्हात शेजारची कातडी फक्त रापते, पण डाग लाल होतो, चुरचुरतो, कधी त्यावर फोडही येतात. वाईट गोष्ट अशी की भाजणं हीसुद्धा इजाच आहे, आणि कोड अंगात सक्रिय असताना इजा झालेल्या जागी नवा डाग उमटू शकतो. तेव्हा सनस्क्रीनचं काम दुहेरी आहे: डाग भाजू न देणं आणि भोवतालची कातडी रापू न देणं. म्हणून ते फक्त डागावर लावून भागत नाही. बाई आधी नेमकं हेच करत होत्या, डागावर ठिपका देऊन बाकीचा चेहरा तसाच सोडत होत्या.

एसपीएफ ३० किंवा त्याहून जास्त, आणि पाकिटावर पीए+++ लिहिलेलं असावं. एसपीएफ हा आकडा भाजणाऱ्या किरणांबद्दल सांगतो, तर पीए रापवणाऱ्या किरणांबद्दल. हे दुसरे किरण खिडकीच्या काचेतूनही आत येतात. झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइडचं सनस्क्रीन नाजूक त्वचेला सहसा चुरचुरत नाही. प्रमाणाची सोपी खूण म्हणजे तर्जनी आणि मधलं बोट यांच्यावर टोकापासून मुळापर्यंत काढलेल्या दोन रेघा. चेहरा आणि मान यांना तेवढं लागतं. बहुतेक जण याच्या निम्मंही लावत नाहीत, आणि मग पाकिटावरचा आकडा त्यांच्या कामी येत नाही. बाहेर पडण्यापूर्वी पंधरा-वीस मिनिटं लावायचं आणि उन्हात असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. बाईंच्या हातांवरचं सनस्क्रीन तर खडू आणि हात धुणं यांतच निघून जायचं. तिथे मलमापेक्षा लांब सुती हातमोजे उपयोगी पडले, घट्ट विणीचे आणि गडद रंगाचे. पातळ, घामाने भिजलेल्या ओढणीतून बरंच ऊन आत शिरतं.

इथे एक प्रश्न बाईंनी विचारला, आणि तो अगदी रास्त होता: "ऊन एवढं वाईट, मग आठवड्यातून दोनदा मला लाइट कशाला देता?"

लाइट ट्रीटमेंटमध्ये वापरतात ते किरण नेमके निवडलेले असतात, ३११ नॅनोमीटरच्या आसपासचे. ते त्वचेतला पेशींचा हल्ला शांत करतात आणि केसांच्या मुळांशी दडलेल्या रंगपेशींना जागं करून वर आणतात. फरक मात्रेत आहे. मात्रा अगदी कमी ठेवून सुरुवात होते आणि दर वेळी दहा ते वीस टक्क्यांनी वाढवतात, डाग हलका गुलाबी होईपर्यंत. तो गुलाबीपणा चोवीस तासांच्या आत गेला पाहिजे. त्याहून जास्त टिकला, दुखला किंवा फोड आला, तर पुढच्या वेळी मशीनसमोर उभं राहण्याआधी तसं सांगायचं, म्हणजे मात्रा थांबवता किंवा उतरवता येते. लागोपाठ दोन दिवस लाइट घेत नाहीत. आणि साधारण ४८ वेळा घेतल्याशिवाय उपयोग झाला की नाही हे ठरवू नये असं तज्ज्ञ मानतात. आठवड्यातून दोनदा धरलं तर हे सहा महिने होतात. निम्मे लोक दुसऱ्या महिन्यातच कंटाळून सोडतात असं ऐकलं तर मला नवल वाटणार नाही, आणि ते पाहून वाईट वाटतं, कारण रंग पुष्कळदा त्यानंतरच यायला लागतो.

लाइटच्या दिवशी क्रम उलटतो. उपचाराच्या जागी सकाळी सनस्क्रीन नाही, मेकअप नाही, जाड क्रीमही नाही, कारण या सगळ्यांनी किरण अडतात. बाहेर आल्यावर मात्र लगेच सनस्क्रीन, कारण त्या दिवसाचा हिशेब पूर्ण झालेला असतो. त्यावर दुपारचं ऊन पडलं तर दोन मात्रा एकत्र होतात.

याच हिशेबामुळे बावचीच्या तेलाबद्दल मला कळकळीने सांगायचं आहे. बावचीत सोरालेन हे द्रव्य असतं, ते त्वचेला उन्हासाठी फार हळवं करतं. त्वचारोगतज्ज्ञही सोरालेन देतात, पण मोजून, आणि उन्हात किती मिनिटं बसायचं हे ठरवून. गोळी दिली असेल तर त्या दिवशी उन्हाचा चष्माही लागतो. कुणाच्या तरी सांगण्यावरून तेल चोळून गच्चीत बसलेल्यांच्या डागांवर दुसऱ्या दिवशी पाण्याने भरलेले फोड येतात, आणि त्या फोडांच्या कडेने डाग वाढतोही.

इजेचा मुद्दा उन्हापुरता नाही, आणि बाईंच्या कमरेवरचा पट्टा त्याची साक्ष आहे. घट्ट नाडी रोज त्याच रेषेत घासते. त्यांनी नाडीऐवजी रुंद, सैल इलॅस्टिकचा परकर घेतला. असाच विचार चष्म्याच्या नाकावरच्या टेकूचा, घड्याळाच्या पट्ट्याचा आणि चपलेच्या अंगठ्याचा. टाचा वज्रीने घासणं, डागावर उटणं रगडणं, लिंबू किंवा व्हिनेगर लावणं, हे सगळं बंद. कोमट पाणी, सौम्य साबण, टॉवेलने टिपणं, आणि अंग ओलसर असतानाच साधं मॉइश्चरायझर, एवढं पुरे होतं. टिकलीचं वेगळंच आहे. टिकलीमागच्या डिंकातली काही रसायनं रंगपेशींना थेट मारतात, आणि कपाळावर बरोब्बर टिकलीच्या आकाराचा पांढरा डाग पडतो. रबरी चपलांच्या पट्ट्याखालीही असं होतं. कोड असलेल्याने चिकटणारी टिकली टाळावी, आणि तिथे खाज किंवा फिकटपणा दिसला तर त्याच दिवशी बंद करावी.

राहिला डाग झाकण्याचा प्रश्न. झाकणं म्हणजे लपणं, असं काही जण ऐकवतात. मला ते पटत नाही. रोज तीस मुलांसमोर उभं राहताना आपल्या चेहऱ्याकडे कुणी आणि केव्हा पाहावं, हे ठरवण्याचा हक्क त्या बाईचा आहे. तिला न झाकता जायचं असेल तर तोही तिचाच.

चेहऱ्यासाठी कॅमोफ्लाज क्रीम येतं. नेहमीच्या फाउंडेशनपेक्षा त्यात रंगद्रव्य कितीतरी जास्त असतं आणि ते पाण्यात टिकतं. आधी कानामागे थोडंसं लावून दोन दिवस पाहायचं. छटा दुकानातल्या दिव्याखाली जुळवायची नाही, दाराशी दिवसाच्या उजेडात जुळवायची. बाईंनी दोन छटा घेतल्या, एक एप्रिलची आणि एक जानेवारीची. सकाळी सनस्क्रीन लावून पंधरा मिनिटं थांबायचं, मग क्रीम बोटाने थोपटत पातळ थरात, डागाच्या कडेबाहेर किंचित पसरवून. एका जाड थराऐवजी दोन पातळ थर. वर पावडर दाबून पाच-दहा मिनिटांनी जास्तीची ब्रशने झटकायची. रात्री तेलकट क्लेन्झरने भिजवून, न घासता काढायचं, आणि मग स्वच्छ त्वचेवर डॉक्टरांनी दिलेलं मलम.

बोटांवर हे क्रीम टिकत नाही. तिथे सेल्फ-टॅनिंग लोशन जास्त चालतं. त्यातलं डायहायड्रॉक्सीॲसिटोन कातडीच्या सर्वांत वरच्या मृत थराशी संयोग पावून तपकिरी होतं, म्हणून ते पाण्याने धुतलं जात नाही. ते कापसाच्या काडीने फक्त डागावर लावायचं, नाहीतर भोवती गडद कडं उमटतं. बोटांच्या सांध्यांवर ते जास्त चढतं, तिथे मॉइश्चरायझर मिसळून सौम्य करायचं. रंग काही तासांत येतो आणि आठवड्याभरात ठिगळ्याठिगळ्यांनी उतरतो. तपकिरी दिसलं तरी ते उन्हापासून वाचवत नाही, हे विसरायचं नाही. लाइट घेणाऱ्यांनी ते लावत असल्याचं डॉक्टरांना सांगावं. ओठांसारख्या जागी वैद्यकीय गोंदण करतात, पण डाग निदान वर्षभर स्थिर असेल तरच, कारण सुईसुद्धा इजाच करते, आणि गोंदणाचा रंग पुढे निळसर पडू शकतो.

बोटांच्या टोकांना केस नसतात, म्हणजे रंगपेशींचा तो साठाच नसतो. तिथे रंग परतण्याची आशा कमी, हे डॉक्टरांनी बाईंना सुरुवातीलाच सांगितलं होतं. गालावर मात्र बारीक लव असते. चौथ्या महिन्यात एका रात्री क्लेन्झरने चेहरा पुसून झाल्यावर त्यांना डागात मोहरीएवढे तीन तपकिरी ठिपके दिसले. क्रीम राहिलं असेल म्हणून त्यांनी कापूस पुन्हा टेकवला, मग आणखी एकदा. कापूस स्वच्छ निघाला आणि ठिपके तिथेच होते.