संत, सूफी आणि समाज

मुलांनो, इतिहासाच्या पेपरात एक प्रश्न नेहमी येतो : ‘संत व सूफी यांच्या कार्याचा जातिव्यवस्थेवर व भाषेवर काय परिणाम झाला?’ बरेच विद्यार्थी एकच वाक्य लिहितात, ‘जातिभेद नष्ट झाला.’ हे उत्तर बरोबर आहे का? काही उदाहरणे पाहू.

आधी भाषा. पांढरकवडा विदर्भात आहे आणि विदर्भातच, अमरावती जिल्ह्यात, रिद्धपूर हे गाव आहे. तेराव्या शतकात तेथे महानुभाव पंथाचे केंद्र होते. पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी लोकांशी मराठीत बोलत. त्यांच्या आठवणी म्हाइंभटांनी गोळा केल्या आणि ‘लीळाचरित्र’ हा मराठी गद्यग्रंथ तयार झाला. त्या काळी विद्वानांची भाषा संस्कृत होती. पंथातील केशिराज हे पंडित संस्कृतात लिहू लागले, तेव्हा आचार्य नागदेवांनी त्यांना थांबवले. संस्कृतात लिहिले तर पंथातील साध्या म्हाताऱ्या बायांना ते कसे कळणार, असे त्यांचे म्हणणे होते. म्हणजे ऐकणारा बदलला, म्हणून भाषा बदलली.

सूफींनीही हेच केले. दरबारात फारसी चाले. पण दख्खनमधील अनेक सूफींनी लोकांसाठी दखनीत लिहिले. श्रीगोंदे येथील शेख महंमद तर सूफी परंपरेतले. त्यांनी ‘योगसंग्राम’ हा ग्रंथ मराठीत लिहिला. मराठी संतांमध्ये त्यांना मानाचे स्थान मिळाले.

आता जात. चौदाव्या शतकातील संत चोखामेळा हे महार समाजाचे होते. त्या काळी हा समाज अस्पृश्य मानला जाई. चोखामेळ्यांनी, त्यांच्या पत्नी सोयराबाईंनी आणि मुलगा कर्ममेळा यांनी अभंग रचले. ज्यांना शिकण्याचा हक्क नव्हता, त्यांचे शब्द लोक आदराने गाऊ लागले. हा मोठाच बदल होता. पण चोखामेळ्यांना पंढरपूरच्या मंदिरात जाता आले नाही. त्यांची समाधीही महाद्वाराच्या बाहेरच आहे. त्यांच्या समाजासाठी ते दार १९४७ साली, साने गुरुजींच्या उपोषणानंतर उघडले. मध्ये सहाशे वर्षे गेली!

यावरून काय दिसते? भक्तीच्या क्षेत्रात समतेचा विचार आला. परंतु लग्न, पाणवठा, व्यवसाय आणि मंदिर यांतील बंधने तशीच राहिली. भाषेवरचा परिणाम मात्र टिकाऊ ठरला, कारण लोकभाषेत ग्रंथ तयार झाले.

म्हणून उत्तर लिहिताना तीन गोष्टी वेगळ्या करा : संतांनी काय शिकवले, समाजात काय बदलले आणि काय बदलले नाही. प्रत्येकासाठी एक नाव आणि एक घटना द्या. ‘नष्ट झाला’ असे लिहिण्यापूर्वी स्वतःला विचारा, ‘मग चोखामेळ्यांची समाधी दाराबाहेर का?’