युरियाची गोणी आणि कांद्याची निर्यातबंदी

युरियाची ४५ किलोची गोणी कृषी सेवा केंद्रात साधारण २६६ रुपयांना मिळते. त्याच दुकानात डीएपीची ५० किलोची गोणी १,३५० रुपयांना असते. या दोन आकड्यांतच अर्थशास्त्राच्या पुस्तकातली ‘बाजार-विकृती’ दडलेली आहे. व्याख्या पाठ करण्याआधी विद्यार्थ्यांनी हे गणित स्वतः सोडवून पाहावे.

युरियात ४६ टक्के नत्र असते. म्हणजे एका गोणीत जवळपास २१ किलो नत्र आले आणि ते किलोला १३ रुपयांच्या आत पडले. डीएपीच्या गोणीत नऊ किलो नत्र आणि २३ किलो स्फुरद असते. त्यातल्या नत्राचे ११५-१२० रुपये वजा केले, तर स्फुरदाचा एक किलो ५३-५४ रुपयांना पडतो. म्हणजे स्फुरद नत्राच्या चौपट महाग. पालाशही पन्नासच्या आसपास जातो. पिकाला तिन्ही अन्नद्रव्ये लागतात. पण दुकानात उभ्या असलेल्या शेतकऱ्याला किंमत सांगते की युरिया घे, बाकीचे पुढच्या वर्षी बघू. हातात पैसा मोजका असेल तर तो हेच ऐकणार. यात त्याचे अज्ञान नाही, त्याचा हिशेब बरोबर आहे. चुकीची आहे ती किंमत.

किंमत म्हणजे खरे तर एक निरोप असतो: ही वस्तू किती दुर्मीळ आहे, ती बनवायला किती खर्च आला. सरकार मध्ये पडून तो निरोप बदलते आणि लोकांचे वागणे त्या बदललेल्या निरोपाप्रमाणे होऊ लागते, तेव्हा बाजारात विकृती आली असे म्हणतात. नुसत्या अनुदानाने ती येईलच असे नाही. एका वस्तूला भरपूर आणि तिच्या शेजारच्या वस्तूला तुटपुंजे अनुदान दिले, की मात्र ती हमखास येते.

आपल्याकडे हे नेमके कधी घडले, तेही सांगता येते. ऑगस्ट १९९२ मध्ये सरकारने स्फुरद आणि पालाशयुक्त खतांच्या किमतींवरचे नियंत्रण काढले. युरियावरचे तसेच ठेवले. १९९१-९२ मध्ये देशात नत्र, स्फुरद आणि पालाश यांच्या वापराचे प्रमाण ५.९ : २.४ : १ होते. एकाच वर्षात ते ९.५ : ३.२ : १ झाले. २०१० मध्ये ‘अन्नद्रव्य आधारित अनुदान’ योजना आली, पण तिनेही युरियाला बाहेरच ठेवले आणि तोल पुन्हा गेला. ४ : २ : १ हे प्रमाण प्रत्येक जमिनीला आणि प्रत्येक पिकाला लागू पडत नाही, हे खरे, पण एका वर्षात एवढी उडी मातीच्या गरजेमुळे पडत नाही.

शेतात हे कसे दिसते ते नाशिककडच्या कांद्यात पाहा. रब्बी कांद्याला एकरी ४० किलोच्या आसपास नत्र पुरते, म्हणजे युरियाच्या दोन गोण्या. त्याहून जास्त किंवा उशिरा नत्र पडले, की पात हिरवीगार माजते आणि शेजाऱ्याला पीक जोरदार वाटते. पण कांद्याची मान जाड राहते, नीट सुकत नाही आणि चाळीत साठवलेला माल सडू लागतो. कांद्याला गंधकही हवे असते आणि ते सिंगल सुपर फॉस्फेटमधून मिळते. पण स्वस्त युरियापुढे ते मागे पडते. अनुदानाचा तोटा असा चार महिन्यांनी चाळीत कळतो, आणि तेव्हा दोष पावसाला दिला जातो.

दुसरी खूण दुकानाबाहेर दिसते. शेतीच्या नावाने निघालेला स्वस्त युरिया प्लायवूडच्या डिंकासाठी पळवला जातो. तो रोखण्यासाठी २०१५ मध्ये सगळ्या युरियाला कडुलिंबाच्या तेलाचे आवरण सक्तीचे झाले. ऐन हंगामात टंचाई झाली की दुकानदार युरियाबरोबर नको असलेली दुसरी खते गळ्यात मारतात. शेतकरी त्याला ‘लिंकिंग’ म्हणतात. छापील किंमत २६६ असली, तरी खिशातून जाणारे पैसे वेगळेच असतात.

आता जागतिक व्यापार संघटनेचे नियम काय म्हणतात? १९९५ पासून लागू झालेल्या शेती करारात व्यापार बिघडवणाऱ्या मदतीला मर्यादा आहे. विकसनशील देशांसाठी ती बहुतेक ठिकाणी उत्पादनमूल्याच्या दहा टक्के. पण त्याच कराराच्या कलम ६.२ मध्ये एक सवलत आहे. विकसनशील देशाने कमी उत्पन्नाच्या, साधनांची कमतरता असलेल्या शेतकऱ्यांना सरसकट दिलेले निविष्ठा अनुदान, म्हणजे खत, वीज, पाणी यांवरची मदत, या मर्यादेत धरली जात नाही. भारताने दहा हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांना या गटात बसवले आहे, म्हणजे ९९ टक्क्यांहून अधिक शेतकरी. त्यामुळे ‘जागतिक व्यापार संघटनेमुळे खताचे अनुदान बंद होणार’ ही आपल्याकडची जुनी भीती निराधार आहे. पण नियमात बसणे म्हणजे विकृती नसणे नव्हे, हेही विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे.

उलट दिशेची विकृती याच नियमांत जवळपास मोकाट सुटते. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लावले आणि डिसेंबरमध्ये निर्यात थेट बंद केली. नाशिक जिल्ह्यात लिलाव बंद पडले, रास्ता रोको झाले. ही बंदी मे २०२४ मध्ये उठली, तीही शुल्क आणि किमान निर्यात मूल्य कायम ठेवून. व्यापार करारात टंचाई टाळण्यासाठी तात्पुरत्या निर्यातबंदीला मुभा आहे आणि निर्यात शुल्कावर सर्वसाधारण मर्यादाच नाही. संघटनेच्या शेती समितीला पूर्वसूचना द्यावी वगैरे सौम्य अटी आहेत. अनुदान टक्क्यांत मोजणारे नियम शेतकऱ्याचा भाव पाडणाऱ्या निर्णयाकडे मात्र फारसे पाहत नाहीत.

दोन्ही बाजू एका एकरात मांडू. दोन गोण्या युरियाचा खरा खर्च बाजारानुसार तीन-चार हजार धरला, तर सरकारने शेतकऱ्याचे सुमारे अडीच ते साडेतीन हजार रुपये वाचवले. त्या एकरात शंभर क्विंटल कांदा निघाला आणि निर्यात अडल्याने भाव क्विंटलला फक्त पाचशे रुपयांनी उतरला, तर त्याचे पन्नास हजार गेले. आकडे उदाहरणादाखल आहेत, पण पारडे कुठे झुकते ते त्यात स्पष्ट दिसते. आर्थिक सहकार्य आणि विकास संघटना हीच बेरीज-वजाबाकी देशपातळीवर करते आणि भारतीय शेतकऱ्याला मिळणारी निव्वळ मदत अनेक वर्षे उणे दाखवते. खत स्वस्त देणारे सरकार शेतमाल स्वस्त ठेवून त्याहून जास्त काढून घेते.

मग युरियाचे अनुदान उद्याच बंद करावे का? तसे केले तर पहिला फटका कोरडवाहू अल्पभूधारकाला बसेल, आणि आधी त्याच्यावर अन्याय झालेला आहेच. माझ्या मते युरियाला इतर खतांसारखेच अन्नद्रव्य आधारित योजनेत टप्प्याटप्प्याने आणावे आणि वाचणारा पैसा एकरी रोख द्यावा. कोणते पीक घेतले, किती खत टाकले याच्याशी न जोडलेली अशी मदत व्यापार नियमांतही ‘हरित पेटी’त बसते, कारण ती किमतीचा निरोप बदलत नाही. तेलंगणाने २०१८ पासून एकरी मदत देऊन पाहिली. त्यातली मोठी उणीव अशी की पैसे सातबारासारख्या जमिनीच्या नोंदीवरच्या मालकाला मिळाले. खंडाने किंवा बटईने कसणारा बाहेर राहिला. महाराष्ट्रातही हीच अडचण येईल, म्हणून कसणाऱ्याची नोंद आधी व्हायला हवी.

कांद्यावरचे निर्यात शुल्क १ एप्रिल २०२५ पासून शून्य झाले. ते पुन्हा लावायला एक अधिसूचना पुरते, आणि ते अधिकार सरकारकडे अजून तसेच आहेत. खतावरच्या अनुदानाची चर्चा करणाऱ्यांनी त्या अधिसूचनेचाही हिशेब मागावा.