बैठक कोणाच्या घड्याळावर चालणार?

२५ ऑक्टोबर २०२६ हा रविवार आहे. त्या दिवशी भारतात सकाळचे साडेसहा वाजतील, त्या क्षणी जर्मनीत पहाटेचे तीन वाजत असतील आणि तिथली घड्याळं पुन्हा दोनवर आणली जातील. युरोपीय संघातल्या सगळ्या देशांत हा बदल एकाच क्षणी होतो. मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर पुढे जातात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतात. पुण्यात त्या सकाळी काहीच बदलत नाही. पण पुढच्या बुधवारी म्युनिकच्या टीमबरोबरची नेहमीची मीटिंग कॅलेंडरमध्ये साडेसातऐवजी रात्री साडेआठला दिसू लागते, आणि मार्चच्या शेवटापर्यंत ती तिथेच राहते.

उन्हाळ्यात भारत जर्मनीच्या साडेतीन तास पुढे असतो, हिवाळ्यात साडेचार तास. लंडनशी हेच अंतर साडेचार आणि साडेपाच तासांचं असतं. उत्तरेकडच्या देशांत दिवसाची लांबी ऋतूप्रमाणे फार बदलते. म्युनिकचा हिवाळ्यातला सर्वांत लहान दिवस जेमतेम साडेआठ तासांचा आणि उन्हाळ्यातला सर्वांत मोठा सोळा तासांचा असतो. पुण्यात हाच फरक अकरा ते तेरा तास एवढाच आहे, त्यामुळे घड्याळ हलवून इथे फारसं काही साधत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात भारताने काही वर्षं घड्याळ तासभर पुढे ठेवलं होतं, नंतर ते सोडून दिलं. युरोपीय संसदेनेही २०१९ मध्ये ही हलवाहलव बंद करण्याच्या बाजूने मत दिलं, पण सदस्य देशांचं एकमत न झाल्याने ती चालूच आहे. तेव्हा नवी वेळ सुचवताना दोन्ही ऋतू धरूनच हिशेब करायला हवा.

इथे एक गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे. दर आठवड्याची मीटिंग कॅलेंडरमध्ये टाकताना ती एका शहराच्या घड्याळाला बांधली जाते. वेगळं काही निवडलं नाही, तर मीटिंग लावणाऱ्याचंच घड्याळ धरलं जातं. म्युनिकच्या मॅनेजरने लावलेली मीटिंग `Europe/Berlin` या घड्याळावर चालते, पुण्यातून लावलेली `Asia/Kolkata` वर. पहिल्या प्रकारात म्युनिकला ती वर्षभर चार वाजताच दिसते आणि सरकते फक्त पुण्यात. म्हणजे ज्याने वेळ ठरवली, त्याला हे सरकणं कधी दिसतच नाही. पुण्यातली माणसं रात्री साडेनऊपर्यंत बसतात, हे त्याच्या कॅलेंडरवर कुठेही लिहिलेलं नसतं. आपल्याकडे बरेच जण हे गृहीत धरून गप्प बसतात की समोरच्याला सगळं माहीत आहे आणि त्याला ते चालतंय. बहुतेक वेळा त्याला ते माहीतच नसतं. म्हणून सांगावं लागतं, आणि सांगताना हातात पूर्ण हिशेब असावा लागतो.

असा एक हिशेब करून पाहू. पुण्यात गाडीच्या सुट्या भागांचं डिझाइन करणारी टीम आहे, त्या भागांची चाचणी घेणारी टीम म्युनिकमध्ये. बुधवारची तासाभराची मीटिंग म्युनिकच्या चार वाजता. पुण्याचं ऑफिस साडेनऊ ते साडेसहा, जेवणाची सुट्टी एक ते दोन. म्युनिकचं साडेआठ ते पाच, जेवण बारा ते एक.

पहिला प्रश्न असा की सध्याची वेळ पडली कशी. या उदाहरणात असं धरू की सुरुवातीला अमेरिकेतल्या डेट्रॉइटमधले दोन इंजिनिअर मीटिंगला असायचे आणि म्युनिकचे चार म्हणजे त्यांचे सकाळचे दहा. पुढे ते दुसऱ्या कामावर गेले, वेळ मात्र तशीच राहिली. असं फार ठिकाणी होतं. वेळेमागचं कारण संपलं असेल, तर प्रस्तावाचं अर्धं काम तिथेच होतं. कारण अजून शिल्लक असेल, तर आधी त्याची सोय लावावी लागते. डेट्रॉइटची माणसं महिन्यातून एकदाच लागत असतील, तर तेवढी एक मीटिंग उशिरा ठेवून बाकीच्या तीन दिवसा घेता येतात.

आता सगळं पुण्याच्या घड्याळात मांडू. उन्हाळ्यात म्युनिकचं ऑफिस आपल्या दुपारी बाराला उघडतं आणि त्यांची जेवणाची सुट्टी साडेतीन ते साडेचार येते. हिवाळ्यात ते एकला उघडतं आणि सुट्टी साडेचार ते साडेपाच येते. दोन्हीकडची जेवणं वगळली, तर उन्हाळ्यात बारा ते एक, दोन ते साडेतीन आणि साडेचार ते साडेसहा एवढा वेळ मोकळा उरतो. हिवाळ्यात दोन ते साडेचार आणि साडेपाच ते साडेसहा. दोन्ही ऋतूंत सापडणारा वेळ मग दोनच ठिकाणी आहे: दुपारी दोन ते साडेतीन आणि संध्याकाळी साडेपाच ते साडेसहा. संध्याकाळची वेळ कागदावर ठीक दिसते, पण मीटिंग दहा मिनिटं लांबली की कंपनीची बस चुकते आणि हिंजवडीहून कोथरूडला पोचायला रात्र होते. म्हणून दुपारच्याच वेळेवर लक्ष द्यावं.

इथे घड्याळाचा प्रश्न पुन्हा येतो. मीटिंग पुण्याच्या घड्याळावर अडीचला बांधली, तर म्युनिकमध्ये ती उन्हाळ्यात अकराला आणि हिवाळ्यात दहाला येईल. म्युनिकच्या घड्याळावर साडेदहाला बांधली, तर पुण्यात उन्हाळ्यात दोनला आणि हिवाळ्यात तीनला येईल. चारही वेळा दिवसाच्या आणि कामाच्याच आहेत. मी अशा टीममध्ये दुसरा पर्याय सुचवते. म्युनिकच्या माणसाच्या बाकीच्या सगळ्या मीटिंगा त्याच्या घड्याळावर स्थिर असतात, आणि आपली एकटी मीटिंग वर्षातून दोनदा सरकली की ती दुसऱ्या कुठल्या तरी मीटिंगवर जाऊन आदळते. पुण्यात जर्मनीबरोबरच्या सगळ्याच मीटिंगा एकत्र सरकतात, त्यामुळे त्यांची आपसात टक्कर होत नाही. स्थानिक मीटिंगांपुरती काळजी घेतली की भागतं. घड्याळ त्यांचं धरलं म्हणून आपलं नुकसान होत नाही. नुकसान होतं ते वेळ दिवसाच्या टोकाला ठेवल्याने, कारण टोकावरून तासभर सरकलं की माणसाच्या जेवणाची आणि मुलांच्या झोपेची वेळ जाते.

समोरच्यांची अडचणही याच टप्प्यावर विचारून घ्यावी. समजा, म्युनिकच्या प्रयोगशाळेचे आठवड्याचे निकाल बुधवारी दुपारी बाराला येतात. मग साडेदहाच्या मीटिंगमध्ये बोलायला हातात काहीच नसेल आणि महिनाभरात वेळ पुन्हा मागे ढकलली जाईल. यावर उपाय सोपा आहे. वेळेबरोबर वारही बदलावा, बुधवारऐवजी गुरुवार घ्यावा. निकाल वाचून यायला सगळ्यांना एक रात्रही मिळते.

यानंतर निरोप लिहायचा. तो इंग्रजीतच जाईल, पण त्यातला मजकूर साधारण असा असावा:

“आपली बुधवारची मीटिंग म्युनिकच्या दुपारी ४ वाजता असते. पुण्यात ती उन्हाळ्यात संध्याकाळी ७.३० ते ८.३० आणि हिवाळ्यात रात्री ८.३० ते ९.३० अशी येते. ही वेळ डेट्रॉइटच्या सहकाऱ्यांसाठी ठरली होती, ते आता या कामात नाहीत. गुरुवार, १ ऑक्टोबर २०२६ पासून मीटिंग दर गुरुवारी म्युनिकच्या सकाळी १०.३० वाजता घ्यावी, असं सुचवतो. पुण्यात तेव्हा दुपारचे २ वाजलेले असतील, आणि २५ ऑक्टोबरनंतर ३. प्रयोगशाळेचे निकाल बुधवारी दुपारपर्यंत येतात, त्यामुळे ते सगळ्यांच्या हाती असतील. ही वेळ जमत नसेल, तर म्युनिकची दुपारी १ ही दुसरी वेळ चालेल. शुक्रवार, १८ सप्टेंबरपर्यंत कळवावं.”

या निरोपात प्रत्येक वेळेपुढे शहराचं नाव आहे, ते मुद्दाम. संक्षेपांनी घोळ होतात. आपण IST लिहितो, पण आयर्लंड आणि इस्रायलच्या वेळेलाही तीच अक्षरं वापरली जातात. CET ही मध्य युरोपची हिवाळ्यातली वेळ. उन्हाळ्यातही सवयीने तेच लिहिलं, की अक्षरशः अर्थ घेणारा माणूस तासभर उशिरा येतो. शहर लिहिलं की असा प्रश्नच उरत नाही. दुसरी वेळ म्हणून दिलेली दुपारची एक उन्हाळ्यात पुण्याच्या साडेचारला आणि हिवाळ्यात साडेपाचला येते, म्हणजे तीही हिशेबात बसलेली आहे. याहून जास्त पर्याय देऊ नयेत. पाच पर्याय दिले की पाच जण पाच वेगळ्या वेळा निवडतात आणि जुनीच वेळ चालू राहते.

होकार आल्यावर जुनी मीटिंग सरकवत बसू नये. आधीच्या टिपणांचे दुवे आणि एखाद्या आठवड्यापुरते केलेले बदल त्यात अडकलेले असतात, ते विस्कटतात. जुनी मालिका ३० सप्टेंबरला संपवावी आणि नवी लावावी. ती म्युनिकच्या माणसाने लावली तर उत्तम. पुण्यातून लावायची असेल, तर वेळेशेजारचा टाइम झोनचा रकाना उघडून `Europe/Berlin` किंवा यादीत त्या शहराच्या नावाने जे दिसेल ते निवडावं. हे झालं की नाही, ते कसं ओळखायचं? कॅलेंडर नोव्हेंबरपर्यंत पुढे न्यावं. ५ नोव्हेंबरच्या गुरुवारी पुण्यात तीन दिसले, तर बांधणी बरोबर आहे. दोनच दिसले, तर मीटिंग पुण्याच्या घड्याळाला बांधली गेली आहे आणि म्युनिकमध्ये ती साडेनऊला येणार आहे.

हा हिशेब दोन शहरांत छान बसतो. लंडन आलं तरी चालतं, कारण म्युनिकचे साडेदहा म्हणजे वर्षभर लंडनचे साडेनऊ, दोन्हीकडची घड्याळं एकाच क्षणी हलतात. अमेरिका आली की मात्र सगळ्यांच्या दिवसात बसणारी वेळ उरत नाही. म्युनिकच्या साडेदहाला डेट्रॉइटमध्ये पहाटेचे साडेचार असतात. शिवाय अमेरिकेची घड्याळं मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी बदलतात, त्यामुळे वसंतात दोन-तीन आठवडे आणि शरदात एक आठवडा अंतरं नेहमीपेक्षा वेगळी पडतात. अशा ठिकाणी गैरसोय वाटून घेणं एवढंच हातात असतं: एक तिमाही पुण्याने उशिरा बसायचं, पुढची तिमाही डेट्रॉइटने पहाटे उठायचं, आणि कोणाची पाळी कधी हे आधी लिहून ठेवायचं. पण भारत आणि युरोप एवढेच असताना रात्री साडेआठला कोणालाही बसवण्याची गरज नसते. दिवसात पुरेसा वेळ आहे. तो दोन्ही ऋतू धरून मोजून समोरच्यासमोर ठेवण्याचं काम ज्याला त्रास होतो त्यालाच करावं लागतं, कारण तो त्रास दुसऱ्या कोणाच्या कॅलेंडरवर दिसत नाही.