गाडी काढण्याआधीचा आकडा

लातूरहून रात्री नऊला सुटणारी पुण्याची गाडी. चालक पन्नाशीचा, सहा-सात वर्षांपासून मधुमेहाची गोळी चालू. नाव इथे महत्त्वाचं नाही. आठ वाजता त्यांनी रोजच्यासारखी गोळी घेतली. जेवण मात्र पुढच्या थांब्यावर करू म्हणून डबा तसाच ठेवला. बार्शी सुटली आणि कपाळावर घाम आला. पंखा चालू असताना शर्ट ओला झाला, हात किंचित थरथरू लागले. उकडतंय, झोप अपुरी झालीय, असं त्यांना वाटलं. कंडक्टरने काहीतरी विचारलं, त्याला भलतंच उत्तर गेलं. "मामा, गाडी बाजूला घ्या," तो म्हणाला. घरात मधुमेह पाहिलेला माणूस होता म्हणून त्याला शंका आली. साखर घातलेलं पाणी पोटात गेल्यावर दहा-पंधरा मिनिटांत मामा भानावर आले.

दोष डोळ्यांचा नव्हता, झोपेचाही नव्हता. त्यांच्या गोळीत ग्लिमेपिराइड होतं. हे औषध स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावतं. माणूस जेवला आहे की नाही, याची त्याला फिकीर नसते. त्याचा जोर साधारण दोन-तीन तासांनी वाढतो, म्हणजे नेमका जेवण पुढे ढकललं त्याच वेळी. नुसतं मेटफॉर्मिन घेणाऱ्याची साखर अशी सहसा घसरत नाही. इन्शुलिन आणि या जातीच्या गोळ्या घेणाऱ्यांनी मात्र सावध राहायचं. त्यामुळे 'मला शुगर आहे' एवढं माहीत असणं चालकाला पुरत नाही. आपल्या गोळीत काय आहे, तेही माहीत हवं.

डॉक्टरांनी दोन गोष्टी बदलल्या. गोळी आता जेवणाला जोडली: भाकरी समोर आली की गोळी, आणि जेवण आगारातच, निघण्यापूर्वी. दुसरं म्हणजे ग्लुकोमीटर.

रक्तातली साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की ती कमी समजतात. गाडी चालवणाऱ्याने मात्र ९०ची रेषा धरावी, असा ब्रिटनमधला नियम आहे आणि तो शहाणपणाचा आहे. घरगुती यंत्राच्या आकड्यात पंधराएक अंक इकडेतिकडे होऊ शकतात. शिवाय ७५वर निघालेला माणूस तासाभरात कुठे पोहोचेल, याचा भरवसा नाही.

सुरुवातीला मामांची फसगत वेगळीच झाली. एका संध्याकाळी आकडा आला २१२. घाबरून त्यांनी पुन्हा पाहिलं, पण या वेळी साबणाने हात धुऊन: ११८. आगारात कुणीतरी पेढे वाटले होते आणि बोटाला लागलेली साखरच यंत्राने मोजली होती! तेव्हापासून आधी हात धुणं, नीट कोरडे करणं, मग बोटाच्या कडेला टोचणं. कडेला दुखतं कमी, आणि स्टिअरिंग धरताना टोचलेली जागा दाबली जात नाही. पट्ट्यांची डबी केबिनमध्ये इंजिनजवळ ठेवायची नाही. उष्णतेने आणि दमटपणाने पट्ट्या बिघडतात.

पुढे एकदा निघण्याआधी ८२ आले. पूर्वी त्यांनी 'नॉर्मल आहे' म्हणून गाडी काढली असती. त्या दिवशी त्यांनी आधी जेवून घेतलं, पुन्हा तपासलं आणि आकडा शंभराच्या वर गेल्यावरच चावी फिरवली. ७०च्या खाली आकडा आला, तर मात्र वाहतूक नियंत्रकाला सांगायचं आणि तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर पाण्यातून घ्यायची. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं. क्रीमची बिस्किटं किंवा चॉकलेट इथे कामाचं नाही. त्यातल्या तेल-तुपामुळे साखर रक्तात उशिरा उतरते. आकडा सुधारला तरी लगेच निघता येत नाही. मेंदू सावरायला वेळ लागतो, म्हणून त्यानंतर ४५ मिनिटं थांबावं लागतं. गाडीला उशीर होतो, प्रवासी कुरकुरतात. आगाराने बदली चालक तयार ठेवला नाही, तर नियम पाळणाऱ्या माणसावरच ताण येतो. ही बाजू एकट्या चालकाला सोडवता येत नाही.

यंत्रालाही मर्यादा आहे. ते त्या क्षणाची साखर सांगतं, ती चढतेय की उतरतेय हे सांगत नाही. त्यामुळे एकदा तपासून आठ तास निश्चिंत राहता येत नाही. दर दोन तासांनी पुन्हा बघावं लागतं. बार्शीच्या थांब्यावर आणि पुढे टेंभुर्णीला प्रवासी चहाला उतरले, की मामा बोट टोचतात. अनेक वर्षांच्या मधुमेहात काहींना घाम-थरथर ही सूचना मिळतच नाही, थेट गोंधळ सुरू होतो. अशा चालकाने डॉक्टरांशी बोलल्याशिवाय स्टिअरिंगवर बसूच नये. मामांना ती सूचना अजून मिळते, आणि तीनचार कंडक्टरांना त्यांनी पावडरीची पुडी कुठे आहे ते दाखवून ठेवलं आहे: सीटच्या डाव्या बाजूच्या कप्प्यात, तिकिटाच्या कागदांखाली नाही, वर.