चार पावलांचं नाम, आठ पावलांचा मंत्र

दोनशे-अडीचशे किलोमीटर चालायचं असेल तर लांबलचक स्तोत्र कामाला येत नाही. मध्येच श्वास संपतो, ओळ तुटते, आणि रस्त्यावरच्या खड्ड्याकडे लक्ष गेलं की पुढचा शब्द आठवत नाही. म्हणून जगभरच्या पायी यात्रांमध्ये एकच गोष्ट दिसते. चालणाऱ्याच्या ओठांवर जी प्रार्थना टिकते ती आखूड असते आणि पावलांच्या मापात बसते. चला, यातल्या काही प्रार्थना पावलांनी मोजून पाहू.

ज्ञानबा-तुकाराम : पावलं चार

सुरुवात घरातूनच. ‘ज्ञानबा-तुकाराम’च्या मात्रा बोटांवर मोजा. ‘ज्ञान’च्या तीन, ‘तुका’च्या तीन, ‘राम’च्या तीन. ‘बा’च्या खरं तर दोनच, पण म्हणताना तो लांबवला की त्याच्याही तीन होतात. चार सारखे तुकडे, चार पावलं. संख्या सम असल्यामुळे ‘ज्ञान’ उजव्या पायावर सुरू झालं की दर फेरीत उजव्याच पायावर येतं. त्यामुळे नवा माणूस रांगेत शिरला तरी दोन फेऱ्यांत त्याचा पाय जुळतो.

आता ‘ज्ञानोबा माऊली तुकाराम’ मोजा. तिन्ही शब्द बरोबर सहा-सहा मात्रांचे! प्रत्येकाला दोन पावलं दिली की सहा पावलांत नाम पूर्ण. म्हणजे एका नामावरून दुसऱ्यावर जाताना चाल बदलावी लागत नाही.

हे माप सांभाळतात टाळकरी आणि पखवाज वाजवणारा मृदंगी. मृदंगी दिंडीच्या मध्ये चालतो, आणि त्याचा फायदा चक्क गणिताने दाखवता येतो. आवाज एका सेकंदात सुमारे ३४० मीटर जातो. समजा दिंडी ५० मीटर लांब आहे आणि पखवाज एका टोकाला आहे. मग दुसऱ्या टोकाला त्याची थाप सुमारे ०.१५ सेकंद उशिरा पोचेल. मिनिटाला शंभर पावलांच्या चालीत दोन पावलांमधलं अंतर असतं ०.६ सेकंद. म्हणजे शेवटचा टाळकरी पाव पावलाने मागे पडला! पखवाज मध्ये घेतला की हा उशीर निम्म्यावर येतो.

ताल बिघडला हे कानाला लगेच कळतं. सगळ्या टाळांचा मिळून एकच ठोका पडायला हवा. तो फुटून पसरट ऐकू येऊ लागला की पुढची आणि मागची रांग वेगळी झाली. अशा वेळी लय थोडी खाली आणली की सगळे पुन्हा एकत्र येतात. माऊलींच्या पालखीत रथापुढेच २७ दिंड्या असतात आणि रथामागे कितीतरी अधिक. प्रत्येक दिंडीचा ताल तिचा स्वतःचा. शेजारच्या दिंडीचे टाळ कानावर पडत असताना आपल्या चार पावलांना धरून राहणं हे खरोखर मोठं कसब आहे.

शिकोकूचा मंत्र : पावलं आठ

जपानच्या शिकोकू बेटावर ८८ मंदिरांची फेरी आहे. अंतर सुमारे १,२०० किलोमीटर. ही वाट कोबो दाइशी, म्हणजेच कूकाई (७७४–८३५) या बौद्ध आचार्यांच्या नावाने चालतात. यात्रेकरूंच्या पांढऱ्या अंगरख्याच्या पाठीवर जे लिहिलेलं असतं, तेच त्यांच्या तोंडी असतं : ‘नामु दाइशी हेंज्यो कोंगो’. जपानी लिपीत ही आठ अक्षरचिन्हं आणि म्हणताना आठ ठोके : ना-मु-दाइ-शी-हेन-ज्यो-कोन-गो. पावलाला एक ठोका धरला तर आठ पावलांत एक जप. काठी दर दुसऱ्या पावलाला टेकवली तर चार टेकूंत एक.

ही काठी म्हणजे साक्षात कोबो दाइशी, अशी श्रद्धा आहे. म्हणून मुक्कामाला पोचल्यावर यात्रेकरू स्वतःचे पाय धुण्याआधी काठीचं टोक धुतो. पुलावरून जाताना काठी टेकवायची नाही, हाही नियम. आचार्यांनी ओझू गावाजवळच्या एका पुलाखाली कडाक्याच्या थंडीत रात्र काढली होती, अशी आख्यायिका आहे. ते आजही कुठल्या तरी पुलाखाली झोपलेले असतील, त्यांची झोप मोडू नये, हा त्यामागचा भाव. त्यामुळे पुलावर काठीचा ठेका बंद होतो आणि लय सांभाळायला फक्त ओठ आणि पाय उरतात.

कैलासाची परिक्रमा : सहा आणि आठ

कैलास पर्वताभोवतीची परिक्रमा सुमारे ५२ किलोमीटरची. तिबेटी बौद्ध ती पर्वत उजव्या हाताला ठेवून करतात आणि तोंडी असतो सहा अक्षरांचा ‘ॐ मणि पद्मे हूँ’. त्याच वाटेवर तिबेटच्या प्राचीन बोन परंपरेचे लोक बरोबर उलट्या दिशेने चालतात. त्यांचा मंत्र वेगळा, आठ अक्षरांचा : ‘ॐ मा त्रि मु ये सा ले दु’. सहा पावलांचा मंत्र घेऊन चाललेला माणूस आणि आठ पावलांचा घेऊन चाललेला माणूस एकाच पायवाटेवर समोरासमोर येतात, बाजू देतात आणि आपापला आकडा न चुकवता पुढे जातात.

रशियन यात्रेकरू : ठोके पाच

एक निनावी रशियन यात्रेकरू, पाठीवर सुक्या पावाची पिशवी, सोबत बायबल. त्याची हकीगत १८८०च्या दशकात कझान शहरात छापली गेली आणि पुढे ‘द वे ऑफ अ पिल्ग्रिम’ या नावाने जगभर वाचली गेली. त्याची प्रार्थना एका वाक्याची : प्रभू येशू ख्रिस्ता, माझ्यावर दया कर. गुरूने आधी दिवसाला ३,००० वेळा म्हणायला सांगितली, मग ६,००० आणि मग १२,००० वेळा. त्यानंतर सांगितलं, आता मोजू नकोस.

या यात्रेकरूने प्रार्थना पावलांऐवजी हृदयाच्या ठोक्यांना बांधली. पहिल्या ठोक्याला ‘प्रभू’, दुसऱ्याला ‘येशू’, तिसऱ्याला ‘ख्रिस्त’, उरलेलं चौथ्या-पाचव्याला. पण हे पाच तुकडे पावलांवर ठेवून पाहिले तर एक गंमत होते. पाच ही विषम संख्या, म्हणून एका फेरीत ‘प्रभू’ उजव्या पायावर येतो आणि पुढच्या फेरीत डाव्या. चार किंवा आठच्या मापात असं कधीच होत नाही.

कधी कधी आपण दिवसाला ७० व्हर्स्ट चालतो, असं तो सांगतो. म्हणजे जवळपास ७५ किलोमीटर! पाऊल ७५ सेंटिमीटरचं धरलं तर एक लाख पावलं. त्यात १२,००० जप बसवायचे असतील तर दर आठ-नऊ पावलांना एक. गुरूचा आकडा ऐकताना अशक्य वाटतो, पण चालत्या माणसाच्या पायांना तो सहज पेलतो.

चढ लागला की प्रार्थना वाटून घ्या

सपाटीवर आठ पावलं एका श्वासात निघतात. चढावर तीनच निघतात. मग काय करायचं? प्रार्थना दोघांत वाटायची. शबरीमलाच्या चढावर एकजण ‘स्वामिये’ म्हणतो आणि बाकीचे ‘शरणमय्यप्पा’ म्हणून उत्तर देतात. फुजी पर्वतावर पुढचा वाटाड्या ‘रोक्कोन शोज्यो’ म्हणतो आणि मागचे तेच म्हणत पावलं टाकतात. डोळे, कान, नाक, जीभ, शरीर आणि मन ही सहा मुळं शुद्ध होवोत, ही ती प्रार्थना. अर्धे लोक म्हणतात तेव्हा उरलेले अर्धे श्वास घेतात. नाम तुटत नाही आणि दमही लागत नाही.

श्वास आणि पाऊल यांचं नातं १९८३ साली डेनिस ब्रॅम्बल आणि डेव्हिड कॅरियर या शास्त्रज्ञांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडलं होतं. दौडणारा घोडा दर झेपेला एकच श्वास घेतो, त्याला दुसरा पर्याय नसतो. धावणारा माणूस मात्र दोन ढांगांना एक श्वास, तीनला एक, चारला एक असं प्रमाण बदलू शकतो. तो अभ्यास धावण्याचा होता. चालताना हे बंधन आणखी सैल असतं, म्हणूनच चालत्या माणसाला आपल्या प्रार्थनेचं माप निवडता येतं.

चढ-उताराची सर्वांत सुंदर वाटणी इस्लामी परंपरेत आहे. प्रेषितांचे सहचर जाबिर यांची आठवण हदीसमध्ये नोंदवलेली आहे : प्रवासात चढ चढताना ‘अल्लाहु अकबर’ म्हणायचं आणि उतरताना ‘सुब्हानल्लाह’. रस्त्याचा उतार बदलला की प्रार्थनाही बदलते.

रोझरी : अंतर मोजणारी माळ

३ डिसेंबरला सेंट फ्रान्सिस झेवियर यांच्या फेस्तासाठी सिंधुदुर्ग आणि बेळगाव भागांतून भाविक जुन्या गोव्याला चालत येतात. चालताना रोझरी म्हटली जाते. तिच्यातली मरियामातेची प्रार्थना मुळातच दोन भागांची. पहिला भाग पुढारी म्हणतो, दुसरा सगळे मिळून. म्हणजे चढावरची युक्ती इथे सपाटीवरही तयार आहे.

पाच दशकांच्या माळेत ही प्रार्थना ५० वेळा येते आणि पूर्ण माळेला साधारण २० मिनिटं लागतात. ताशी साडेचार किलोमीटरच्या चालीने तेवढ्या वेळात दीड किलोमीटर कापला जातो. माळा मोजल्या की अंतर कळतं! घड्याळं घरोघरी येण्याआधी युरोपातल्या पाककृतींमध्येही अमुक इतक्या प्रार्थना होईपर्यंत शिजवा, असं लिहीत. रोजची प्रार्थना सगळ्यांची सारख्याच वेगाची असते, म्हणून ती वेळेचं माप होऊ शकली.

जपता जपता हाक

बिहारमधल्या सुलतानगंजहून गंगाजल घेऊन कावडवाले सुमारे १०५ किलोमीटर चालत देवघरच्या वैद्यनाथाला जातात. त्यांचा जप सगळ्यांत आखूड : ‘बोल बम’. डावं पाऊल, उजवं पाऊल, संपला. हे अंतर न थांबता २४ तासांत कापणाऱ्यांना ‘डाक बम’ म्हणतात. इतक्या घाईच्या चालीला दोन पावलांचाच जप पेलतो.

आणि वाटेत प्रत्येक माणसाला हाक मारायची ती ‘बम’ अशीच. शबरीमलाच्या वाटेवर प्रत्येकजण ‘स्वामी’. वारीत तर पाणी मागायचं असो, वाट काढायची असो की कुणाला सावलीत बसवायचं असो, हाक एकच : ‘माऊली’. हजारो वेळा जपलेलं नाव शेजारी चालणाऱ्या अनोळखी माणसाला देणं, हे काम या छोट्या प्रार्थनांनी फार मोठं केलं आहे. पुढच्या आषाढीला दिंडीत चार पावलं मिळवाल तेव्हा ‘ज्ञान’ कोणत्या पायावर येतं ते पाहा, आणि शेजारच्याला ‘माऊली’ म्हणा.