हुकूमनामा मिळाला, मुहूर्त कधी?

घटस्फोट झाला की दुसऱ्या दिवशी लग्न करता येतं, असं आपल्यापैकी बऱ्याच जणांना वाटतं. हिंदू विवाह कायद्याचं कलम १५ मात्र थांबायला सांगतं: अपिलाची मुदत संपेपर्यंत, आणि अपील झालंच तर ते फेटाळलं जाईपर्यंत. ही मुदत पूर्वी ३० दिवसांची होती, २००३ मध्ये ती ९० झाली.

समजा, नवऱ्याचा विरोध असताना १ मार्चला बायकोला घटस्फोट मिळाला. नव्वदावा दिवस ३० मेला येतो. पण हुकूमनाम्याची नक्कल मिळायला लागलेले दिवस त्यात धरत नाहीत, शिवाय शेवटच्या दिवशी कोर्टाला उन्हाळी सुट्टी असेल तर कोर्ट उघडल्यावरही अपील चालतं. म्हणजे कॅलेंडरवर बोटं मोजून भागत नाही!

तिने २० एप्रिललाच लग्न केलं आणि २५ मेला त्याने अपील केलं तर? नुसत्या घाईमुळे दुसरं लग्न रद्दबातल होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये अनुराग मित्तल खटल्यात म्हटलं. पण तिथे पहिल्या पत्नीशी तडजोड होऊन अपील मागे घेतलं जात होतं. इथे अपिलात घटस्फोटच रद्द झाला, तर पहिलं लग्न कायम राहतं आणि दुसऱ्याचा पायाच जातो. पोटगी, वारसा, सगळ्याचा गुंता होतो. (मुलं मात्र कायद्याने औरसच.)

म्हणून हॉल बुक करण्याआधी वकिलाकरवी अपील दाखल आहे का, ते बघून घ्यावं. परस्पर संमतीच्या घटस्फोटात सहसा अपीलच नसतं, तिथे ही धास्ती कमी.