पोटरीतील आकस्मिक कळ (टेनिस लेग)

टेनिस लेग ही पोटरीच्या स्नायूला खेळताना होणारी इजा आहे. पोटरीच्या आतल्या बाजूचा वरचा स्नायू जेथे कंडरेला मिळतो, त्या सांध्यावर तो अंशतः फाटतो आणि पोटरीत एकाएकी तीव्र कळ उठते. ही इजा बहुधा पस्तिशी ते साठीच्या दरम्यानच्या, अधूनमधून खेळणाऱ्या स्त्रीपुरुषांत आढळते. ती क्लेशकारक असली तरी जिवाला धोका नसतो. पोटरीच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी झाली तरीही पोटरी दुखते व सुजते. या विकाराला वैद्यकीय परिभाषेत डीप व्हेन थ्रॉम्बोसिस अथवा संक्षेपाने डीव्हीटी म्हणतात आणि तो प्राणघातक ठरू शकतो. दोहोंचे उपचार जवळजवळ परस्परविरोधी असल्यामुळे त्यांतील भेद ओळखणे आवश्यक ठरते.

== नाव व इतिहास ==

१८८३ साली पॉवेल यांनी ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ‘लॉन टेनिस लेग’ या नावाने या इजेचे वर्णन केले. हिरवळीवरील टेनिस तेव्हा इंग्लंडात नव्याने लोकप्रिय झाले होते. नाव टेनिसचे असले तरी बॅडमिंटन, क्रिकेट, कबड्डी, व्हॉलीबॉल यांपैकी कोणत्याही खेळात ही इजा होते. धावत जाऊन बस पकडतानाही होते. फ्रेंच भाषेत हिला ‘चाबकाचा फटका’ अशा अर्थाचे नाव आहे आणि रुग्णाच्या अनुभवाशी ते अधिक जुळते.

दीर्घकाळ असा समज होता, की या इजेत प्लांटॅरिस नावाचा पोटरीतील एक बारीक, दोरीसारखा स्नायू तुटतो. पुढे शस्त्रक्रियेत व सोनोग्राफीत प्रत्यक्ष पाहिल्यावर हा समज मागे पडला. २००२ साली ‘रेडिओलॉजी’ या नियतकालिकात टेनिस लेगचे निदान झालेल्या १४१ रुग्णांच्या सोनोग्राफीचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांपैकी ९४ जणांत गॅस्ट्रोक्नेमियस हा स्नायू आतल्या बाजूस फाटलेला होता, तर प्लांटॅरिस केवळ दोघांत तुटलेला होता. त्याच अभ्यासातील दुसरा आकडा अधिक विचार करावयास लावणारा आहे. १४ जणांत कोणताही स्नायू फाटलेला नव्हता. त्यांच्या पोटरीत शिरेतील गुठळी होती. म्हणजे बाहेरून टेनिस लेग वाटलेल्या सुमारे दहांपैकी एका रुग्णाचा विकार निराळाच होता.

== स्नायू कसा फाटतो ==

पोटरीत मुख्यतः दोन स्नायू एकावर एक असतात. वरचा गॅस्ट्रोक्नेमियस व त्याखालचा सपाट सोलियस. दोघे मिळून टाचेच्या जाड कंडरेत उतरतात आणि टाच उचलण्याचे काम करतात. सोलियस गुडघ्याच्या खालून निघतो. गॅस्ट्रोक्नेमियस मात्र मांडीच्या हाडापासून निघून गुडघा व घोटा असे दोन्ही सांधे ओलांडतो. त्यामुळे गुडघा सरळ असताना पाऊल वरच्या दिशेने वाकले, की तो दोन्ही टोकांकडून ताणला जातो. उंच चेंडू मारून मागचा पाय जमिनीवर रोवत खेळाडू एकदम पुढे झेपावतो, त्या क्षणी हा स्नायू ताणलेला असतो आणि त्याच वेळी जोराने आकुंचनही पावत असतो. ताण व आकुंचन यांच्या या ओढाताणीत त्याची आतली बाजू कंडरेपासून सुटते.

रुग्ण जे सांगतो ते ठरावीक असते. मागून कोणी दगड मारला किंवा लाथ घातली असे त्याला वाटते. तो वळून पाहतो, तर मागे कोणीच नसते. काहींना ‘टप्’ असा आवाजही ऐकू येतो. त्यानंतर टाच टेकवून चालणे जड जाते आणि माणूस चवड्यावर लंगडत मैदानाबाहेर येतो. पोटरीच्या मध्यावर, आतल्या बाजूस बोटाने दाबले असता एका ठिकाणी नेमके दुखते आणि कधी तेथे खाचही लागते. पायात गोळा येणे याहून निराळे असते. गोळा काही मिनिटांत सुटतो, फाटलेला स्नायू दुसऱ्या दिवशीही तितकाच दुखतो.

== गुठळी कशी होते ==

शिरेत रक्त गोठण्यास तीन गोष्टी कारणीभूत होतात : रक्ताचा प्रवाह मंदावणे, शिरेच्या आतल्या अस्तराला इजा होणे आणि रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती वाढणे. पोटरीच्या शिरांतील रक्त गुरुत्वाकर्षणाच्या विरुद्ध वर चढवावे लागते आणि ते काम चालताना पोटरीचे स्नायूच पिळून करतात. पाय हलायचा थांबला, की हा पंप बंद पडतो. म्हणून मोठी शस्त्रक्रिया, पायाला प्लास्टर, अंथरुणास खिळणे, लांबचा बैठा प्रवास यांनंतर गुठळी होण्याचा संभव वाढतो. कर्करोग, गर्भारपण व बाळंतपणानंतरचे आठवडे, इस्ट्रोजेनयुक्त गोळ्या आणि पूर्वी झालेली गुठळी हीदेखील कारणे आहेत. गुठळीचा तुकडा सुटून फुप्फुसात अडकला, तर एकाएकी धाप लागते, श्वास घेताना छातीत टोचते, खोकल्यातून रक्त पडते किंवा रुग्ण बेशुद्ध होतो. अशा वेळी घरी थांबू नये. महाराष्ट्रात १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावता येते.

== भेद कसा ओळखावा ==

पहिला प्रश्न वेळेचा. स्नायू फाटलेल्या रुग्णाला तो क्षण सांगता येतो. कोणत्या फटक्याला कळ आली हेही त्याला आठवते. गुठळीला असा क्षण नसतो. पाय काही तासांत किंवा दिवसांत जड होत जातो, ठणकतो, सुजतो. मात्र या नियमावर सर्वस्वी विसंबता येत नाही. आधीच मुकाट्याने झालेली गुठळी खेळताना प्रथम जाणवू शकते आणि मग रुग्ण प्रामाणिकपणेच खेळाला दोष देतो.

दुसरा प्रश्न सुजेच्या वागण्याचा. फाटलेल्या स्नायूची वेदना पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वांत जास्त असते आणि पुढे ओसरते. सांडलेले रक्त खाली उतरल्याने तीन-चार दिवसांनी घोट्यापाशी जांभळा-हिरवट डाग दिसतो. पुष्कळ लोक या डागाला भितात, परंतु तो बहुधा फाटलेल्या स्नायूचीच खूण असतो. गुठळीत सूज दिवसेंदिवस वाढते, पाय गरम लागतो, कातडी ताणलेली व लालसर दिसते आणि नडगीवर अंगठा दाबून काढला तर खळगा राहतो. विश्रांतीतही न थांबणारी व वाढत जाणारी वेदना ही धोक्याची सूचना होय.

पाऊल वर वाकवल्यावर पोटरी दुखणे ही गुठळीची खूण म्हणून पूर्वी शिकवली जाई. अमेरिकन शल्यविशारद होमन्स यांच्या नावाने ती ओळखली जाते. फाटलेला स्नायूही ताणल्यावर दुखणारच, तेव्हा हे दोन विकार वेगळे करण्यास ती निरुपयोगी आहे. घरी ती करून पाहून निश्चिंत होणे तर सर्वथा चूक.

== तपासणी ==

डॉक्टर प्रथम टाचेची कंडरा शाबूत आहे ना हे पाहतात. रुग्णाला पालथे झोपवून पोटरी दाबली असता पाऊल हलले नाही, तर कंडरा तुटलेली असण्याची शक्यता मोठी असते. त्यानंतर गुठळीची शक्यता वेल्स गुणांकाने मोजतात. त्यात कर्करोग, नुकतेच प्लास्टर, नुकतीच शस्त्रक्रिया, खोल शिरेच्या मार्गावर दुखणे, खळगा पडणारी सूज अशा प्रत्येक गोष्टीस एक गुण असतो. गुडघ्याखालच्या हाडाच्या उंचवट्यापासून १० सेंमी खाली दोन्ही पोटऱ्यांचा घेर मोजतात. फरक ३ सेंमीहून अधिक असल्यास आणखी एक गुण मिळतो. दुसरे एखादे निदान तितकेच संभाव्य असेल, तर दोन गुण वजा होतात. बेरीज दोन वा अधिक आली, की गुठळीची शक्यता अधिक मानून थेट सोनोग्राफी करतात.

बेरीज कमी असल्यास डी-डायमर ही रक्ततपासणी उपयोगी पडते. ती सामान्य आली, तर गुठळी बहुतांशी नाकारता येते. वाढलेली आली, तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण फाटलेल्या स्नायूत साचलेले रक्त विरघळतानाही तिचे प्रमाण वाढते. अंतिम निवाडा सोनोग्राफीचा असतो. निरोगी शीर यंत्राच्या टोकाने दाबली, की चपटी होते. आत गुठळी असलेली शीर दबत नाही. त्याच तपासणीत स्नायूची फाट व दोन स्नायूंमध्ये साचलेले रक्तही दिसते.

== एक उदाहरण ==

४६ वर्षांचा एक पुरुष रविवारी बॅडमिंटन खेळताना पुढे झेपावतो आणि पोटरीत चाबूक बसल्यासारखी कळ येते. सोनोग्राफीत आतल्या बाजूचा स्नायू अंशतः फाटलेला दिसतो. शिरा मोकळ्या असतात. पायाला प्लास्टरची पट्टी बांधली जाते आणि घरचे लोक त्याला काळजीपोटी पलंगावरून उतरू देत नाहीत. पाचव्या दिवशी वेदना निम्म्यावर येते. दहाव्या दिवशी ती पुन्हा वाढते, पट्टी घट्ट होते आणि पोटरीचा घेर दुसऱ्या पायापेक्षा ४ सेंमीने जास्त भरतो.

आता गुण मोजले तर प्लास्टरचा एक, घेराचा एक, शिरेच्या मार्गावर दुखण्याचा एक व खळगा पडणाऱ्या सुजेचा एक, असे चार होतात. स्नायू फाटल्याचे निदान आधीच असल्याने दोन वजा केले, तरी दोन उरतात. म्हणजे कोणत्याही हिशेबाने सोनोग्राफी पुन्हा करणे प्राप्त होते. या वेळी गुडघ्यामागची शीर दबत नाही. पहिले निदान चुकलेले नव्हते. स्नायू फाटला होताच. पाय निश्चल राहिल्याने आणि साचलेल्या रक्ताचा शिरांवर दाब आल्याने त्यावर गुठळीची भर पडली. स्नायूचे दुखणे एकदा उताराला लागून पुन्हा चढू लागले, हीच येथील कळीची खूण होती.

== उपचार ==

फाटलेल्या स्नायूला सुरुवातीचे दोन-तीन दिवस विश्रांती, कापडात गुंडाळलेला बर्फ, लवचीक पट्टी आणि पाय उंचावर ठेवणे पुरते. शस्त्रक्रियेची गरज क्वचितच पडते. चपलेत टाचेखाली जाड गादी घातली, की स्नायूवरचा ताण कमी होतो आणि लवकर चालता येते. लवकर चालू लागणे हा गुठळीवरचाही उपाय आहे. पोटरी दगडासारखी टणक झाली, बोटे बधिर झाली आणि पाऊल वाकवताच असह्य वेदना झाली, तर स्नायूच्या आवरणात दाब वाढल्याचा संशय घेऊन तातडीने रुग्णालय गाठावे.

गुठळीवर रक्त गोठण्याची क्रिया मंदावणारी औषधे बहुधा किमान तीन महिने देतात. त्यांना ‘रक्त पातळ करणारी’ म्हणण्याचा प्रघात आहे, वस्तुतः रक्त पातळ होत नाही. हीच औषधे तपासणीवाचून केवळ संशयाने नुकत्याच फाटलेल्या स्नायूवर दिली, तर आतला रक्तस्राव वाढतो. उलट गुठळी असलेली पोटरी लचक समजून तेल लावून चोळली, तर गुठळी सुटण्याची भीती असते. म्हणून निदान होईपर्यंत सुजलेली पोटरी मालिशवाल्याच्या हाती देऊ नये. वरील उदाहरणात दहा दिवसांपूर्वीचा रक्तस्राव थांबल्याचे सोनोग्राफीत पाहूनच औषध सुरू करणे योग्य ठरते.

पहिली सोनोग्राफी निर्दोष असूनही संशय बळकट असल्यास ती सुमारे आठवड्याने पुन्हा करतात. केवळ पोटरीपुरती मर्यादित लहान गुठळीही काही रुग्णांत औषधाविना अशाच फेरतपासणीवर ठेवता येते. फाटलेला स्नायू भरून येण्यास काही आठवडे लागतात. एका पायावर उभे राहून टाच अनेकदा वेदनेवाचून उचलता येऊ लागली, की खेळाकडे परतण्याचा विचार करता येतो.